गणपतीच्या आठवड्यातलं स्प्रिंट प्लॅनिंग: पाच जणांच्या टीमने किती काम घ्यावं

स्प्रिंट प्लॅनिंगवर बरंच लिहिलेलं सापडतं, पण त्यातलं बहुतेक सात-आठ जणांच्या पूर्ण भरलेल्या टीमसाठी असतं. आमच्यासारख्या टीममध्ये चार डेव्हलपर, एक क्यूए, आणि त्यातला एक जण गावी गेला की सगळं गणित बदलतं. म्हणून इथे एकच स्प्रिंट घेतोय आणि तो आम्ही कसा प्लॅन केला ते आकड्यांसकट सांगतोय. 25 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर 2025, दोन आठवडे, मध्ये 27 तारखेला गणेश चतुर्थी. तुमच्याकडे दिवाळी असेल, ईद असेल, लग्नसराई असेल, पद्धत तीच लागू पडते.

आमचं प्रॉडक्ट हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्स बिलिंगचं आहे. टीममध्ये एक लीड (बॅकएंड करतो, शिवाय रिव्ह्यू आणि क्लायंट कॉल त्याच्याकडेच), दुसरा बॅकएंडवाला, एक फ्रंटएंडवाली, दोन महिन्यांपूर्वी आलेला फ्रेशर जो फ्रंटएंडच करतो, आणि एक क्यूए. प्लॅनिंग आम्ही सोमवारी न करता आदल्या शुक्रवारी, 22 तारखेला दुपारी केलं, कारण दुसरा बॅकएंडवाला सोमवारी रात्रीच कोकणात निघणार होता आणि त्याचा सोमवारचा दिवस मीटिंगमध्ये घालवायचा नव्हता.

आधी माणसं मोजा, पॉइंट नंतर

कॅलेंडर उघडून बसायचं आणि प्रत्येकाला तोंडी विचारायचं, कारण लीव्ह सिस्टीमवर अर्ज बऱ्याचदा शेवटच्या क्षणी पडतो. दहा दिवसांतला 27 चा एक गेला, राहिले नऊ. लीड आणि फ्रेशर नऊच्या नऊ दिवस होते. फ्रंटएंडवालीच्या घरी गौरी, त्यामुळे 1 सप्टेंबरला सुट्टी, म्हणजे आठ दिवस. कोकणवाला 25 ला येणार, मग थेट गौरी-गणपतींचं विसर्जन आटोपून 3 तारखेला, म्हणजे चारच दिवस. आणि क्यूएने 5 तारखेला ईद-ए-मिलादची सुट्टी घेतली होती, तिचेही आठ दिवस. ही शेवटची सुट्टी लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडणार आहे.

आता दिवसाचे तास. ऑफिस साडेआठ तासांचं असलं तरी खरं काम तेवढं होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही प्लॅनिंगमध्ये आठ तास धरले जातात. आम्ही एकदा आठवडाभर प्रत्येकाने साध्या शीटमध्ये लिहून पाहिलं की कोड आणि टेस्टिंगवर नेमका किती वेळ जातो, तेव्हा डेव्हलपरचे साधारण 5 तास, लीडचे 3 आणि फ्रेशरचे 4 निघाले. बाकीचा वेळ स्टँडअप, रिव्ह्यू, कॉल, बिल्ड अडकणं, कोणाला तरी समजावणं यात जातो. हे आकडे आमचे आहेत, तुम्ही ते तसेच उचलू नका, एक आठवडा मोजा आणि स्वतःचे काढा.

मग गुणाकार. लीड 9 दिवस गुणिले 3 म्हणजे 27 तास, कोकणवाला 4 गुणिले 5 म्हणजे 20, फ्रंटएंडवाली 8 गुणिले 5 म्हणजे 40, फ्रेशर 9 गुणिले 4 म्हणजे 36. बेरीज 123. यातून सपोर्ट वजा करायचा. चालू सोसायट्यांकडून "बिल चुकीचं आलं", "पावती दिसत नाही" असली कामं येतातच, आणि मागचे काही स्प्रिंट पाहता त्यात 20 तास जातात, म्हणून तेवढे आधीच काढून ठेवले. उरले 103. सगळे हजर असतील अशा स्प्रिंटमध्ये हाच हिशोब 150 येतो.

मागच्या पाच स्प्रिंटमध्ये आमचे पूर्ण झालेले पॉइंट होते 24, 19, 26, 21 आणि 20, सरासरी 22, आणि त्या पाचही स्प्रिंटमध्ये जवळजवळ सगळे हजर होते. तेव्हा:

```
103 / 150 = 0.69
22 x 0.69 = 15
```

म्हणजे या वेळी साधारण 15 पॉइंटपर्यंतचं काम. क्यूएचे तास या बेरजेत मुद्दाम घातले नाहीत. तिचे 40 तास वेगळे लिहून ठेवले, कारण तिचा वेळ शिल्लक असला म्हणून कोड लिहिला जात नाही आणि कोड लिहून झाला म्हणून टेस्टिंग होत नाही. दोन्ही एकत्र मिसळले की कपॅसिटी नुसती कागदावर फुगते.

पहिल्यांदाच स्प्रिंट करताय आणि मागचे आकडेच नाहीत, तर पॉइंटच्या वाटेला जाऊ नका. फक्त तासांनी काम भरा आणि उपलब्ध तासांच्या साठेक टक्क्यांवर थांबा. तीन-चार स्प्रिंट झाले की सरासरी आपोआप मिळते.

साइझिंग: आकड्यापेक्षा भांडण महत्त्वाचं

आम्ही 1, 2, 3, 5, 8, 13 वापरतो आणि प्रत्येक आकड्यासाठी आधी झालेली एक स्टोरी ठरवून ठेवली आहे. सभासदाच्या फॉर्ममध्ये एक नवीन फील्ड घालून ते सेव्ह होणं म्हणजे 2, पावतीची पीडीएफ डाउनलोड होणं म्हणजे 3, बिलात नवीन प्रकारचा चार्ज धरणं म्हणजे 5. नवीन स्टोरी आली की "किती दिवस लागतील" हे कोणी विचारायचं नाही, "पीडीएफवाल्यापेक्षा मोठं की लहान" एवढंच विचारायचं. दिवस विचारले की जो सगळ्यात पटपट काम करतो त्याचाच आकडा टीमचा होतो, आणि काम मात्र भलत्यालाच करावं लागतं.

सगळ्यांनी एकाच वेळी आकडा दाखवायचा. लीड आधी बोलला तर फ्रेशर तोच आकडा म्हणणार, यात त्याची चूक नाही, कोणीही तसंच करेल. नंतर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सांगणाऱ्याने बोलायचं, मधल्यांनी ऐकायचं.

त्या शुक्रवारी पहिली स्टोरी होती थकबाकीवर व्याज लावायची. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये तेव्हा थकबाकीवर कमाल 21 टक्के सरळ व्याजाची तरतूद होती, त्यामुळे सेक्रेटरी लोकांची ही मागणी खूप दिवसांची होती. लीडने 3 दाखवले. क्यूएने 13.

लीडचं म्हणणं सोपं होतं: मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले 365, झालं. क्यूएने तिच्या वहीतून वाचून दाखवलं, "बिल 4,500 चं, सभासदाने दोन महिन्यांनी 2,000 भरले, मग ते आधी व्याजात जमा होणार की मुद्दलात? आणि उरलेल्या रकमेवर व्याज कुठल्या तारखेपासून? आणि जुन्या सोसायट्यांची थकबाकी आपण एक्सेलमधून एकाच आकड्यात आणली आहे, त्यात मुद्दल किती आणि आधीचं व्याज किती हे आपल्याकडे आहे का?" खोलीत कोणाकडेच याचं उत्तर नव्हतं, प्रॉडक्ट ओनरकडेही नाही.

अशा वेळी सरासरी काढून 8 लिहायचा मोह होतो. तो टाळा. 3 आणि 13 मध्ये एवढं अंतर पडतं तेव्हा दोघं दोन वेगवेगळ्या स्टोऱ्या डोक्यात धरून बसलेले असतात, आणि सरासरी काढली की त्या दोनपैकी कुठलीच स्टोरी आपण मोजलेली नसते. आम्ही ती तीन तुकड्यांत फोडली. पहिला तुकडा, पूर्ण थकलेल्या बिलावर सरळ व्याज काढून पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवायचं, हा सगळ्यांच्या मते 5. दुसरा, अर्धवट पेमेंट आलं तर कसं जमा करायचं, यावर प्रॉडक्ट ओनरने दोन-तीन सोसायट्यांच्या ऑडिटरशी बोलून लेखी उत्तर आणायचं आणि तोपर्यंत त्याला आकडा द्यायचा नाही. तिसरा, एक्सेलमधून आणलेली जुनी थकबाकी, तो बाजूला. पहिल्या तुकड्यात एक अट लिहून टाकली की अर्धवट पेमेंट असलेल्या बिलावर सिस्टीम व्याज लावणार नाही, तिथे सेक्रेटरीला तसा मेसेज दिसेल. ही एक ओळ लिहिली म्हणूनच 5 हा आकडा खरा राहिला.

बाकीच्यांना फार वेळ लागला नाही. थकबाकीदारांची यादी एक्सेलमध्ये काढणं 3, पावतीचं नवीन डिझाइन 3, स्क्रीनवरची लेबलं मराठीत आणणं 2, पार्किंगच्या तपशिलाचा फॉर्म 2. पाच स्टोऱ्यांना मिळून पन्नासेक मिनिटं लागली आणि त्यातली पस्तीस त्या व्याजावर गेली, जे योग्यच होतं.

बेरीज जुळते, पण काम बसतं का

आता 5, 3, 3, 2, 2 मिळून होतात 15. आपली कपॅसिटीही 15. इथेच बहुतेक टीम "चला, झालं" म्हणून उठतात. आम्हीही आधी उठायचो, आणि मग शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या स्टोऱ्या "ऑलमोस्ट डन" असायच्या.

अडचण अशी की 103 तास ही सगळ्यांची बेरीज आहे, आणि फ्रेशरच्या 36 तासांतून व्याजाचा हिशोब लिहून होत नाही. म्हणून बॅकएंडचे तास वेगळे काढा. लीडचे 27 आणि कोकणवाल्याचे 20, एकूण 47, त्यातून सपोर्टचे 20 गेले कारण सपोर्ट बॅकएंडवालेच बघतात, राहिले 27. एरवी हा आकडा 60 असतो. म्हणजे टीम म्हणून आम्ही 69 टक्के होतो, पण बॅकएंड फक्त 45 टक्के. जी बाजू सगळ्यात अडलेली असते तिच्यापुढे स्प्रिंट जात नाही, आणि ती बाजू एकूण बेरजेत दिसतच नाही.

त्यानंतर तारखा. क्यूए 5 ला नाही, म्हणजे तिचा शेवटचा दिवस 4 सप्टेंबर, म्हणजे कोड तिच्या हातात 3 तारखेच्या संध्याकाळपर्यंत पडायला हवा. आता बघा, कोकणवाला परत येतो 3 ला. त्याच्या 20 तासांतले 15 तास शेवटच्या तीन दिवसांतले आहेत, आणि या स्प्रिंटमध्ये टेस्ट होऊन पूर्ण होणाऱ्या कामासाठी ते जवळजवळ निरुपयोगी. मग उरतो लीड. 26 ते 2 या काळात कामाचे दिवस पाच, त्याचे तास 15, आणि सपोर्ट रोज दोन तास धरला तर 10 तिकडेच गेले. पाच दिवसांत व्याजाच्या कामाला मिळणार फक्त 5 तास!

व्याजाच्या स्टोरीची बॅकएंडची कामं आम्ही फळ्यावर लिहिली: टेबल बदलणं 2 तास, हिशोबाचा कोड आणि त्याच्या युनिट टेस्ट 7, एपीआय 2, रिव्ह्यूनंतरच्या दुरुस्त्या 3. एकूण 14. लीडकडे 25 चे 3, मधले 5 आणि 3 तारखेचे 3, म्हणजे 11. तीन तास कमी. तीन तास म्हणजे काय मोठं असं वाटतं, पण ते कमी पडले असते थेट क्यूएच्या शेवटच्या दिवशी.

इथे ओव्हरटाइमचा विषय निघतोच. आम्ही तो प्लॅनमध्ये धरत नाही, कारण प्लॅनमध्येच जादा तास खर्च केले तर खरी अडचण येईल तेव्हा हातात काही राहत नाही. त्याऐवजी फ्रंटएंडच्या बाजूला बघितलं तर फ्रेशरकडे वेळ शिल्लक होता. सपोर्टची तिकिटं आधी त्याने बघायची, लॉग काढायचे, सोसायटीचं नाव, बिल नंबर आणि स्क्रीनशॉट गोळा करायचे, आणि ज्यात खरंच कोड बदलावा लागेल तेवढंच लीडकडे द्यायचं, असं ठरलं. यात लीडचे अर्धे म्हणजे 5 तास वाचतील असा अंदाज धरला, म्हणजे 11 चे झाले 16, गरज 14 ची. जेमतेम, पण बसलं. थकबाकीदारांच्या यादीला लागणारा चार तासांचा एपीआय कोकणवाल्याने निघण्याआधी 25 तारखेलाच पूर्ण करून जायचा. पार्किंगच्या फॉर्मसाठी बॅकएंडचे दोनच तास हवे होते, तेसुद्धा 3 तारखेच्या आत कुठेच बसेनात, म्हणून तो कमिटमेंटमधून काढला.

एवढं सगळं करायला अर्धा तास लागला. पूर्ण प्लॅनिंग पावणेदोन तासांत संपलं. स्क्रम गाइडमध्ये महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त आठ तासांची मर्यादा आहे, दोन आठवड्यांच्या छोट्या टीमला दोन तास पुरतात, फक्त स्टोऱ्या आधीच्या आठवड्यात एकदा वाचून झालेल्या हव्यात.

एक सांगून ठेवतो, पॉइंट आणि तास दोन्ही वापरतोय म्हणून "एक पॉइंट म्हणजे किती तास" असा तक्ता बनवू नका. पॉइंट एकूण किती काम घ्यायचं ते ठरवायला, आणि तास फक्त ते काम त्या माणसांच्या त्या तारखांत बसतं का ते तपासायला. तक्ता बनवला की पुढच्या वेळी लोक मनात तास धरून पॉइंट सांगतात आणि मग भांडणातून जे बाहेर यायचं ते येत नाही.

कमिटमेंट काय लिहायची

2011 साली स्क्रम गाइडमधून स्टोऱ्यांच्या यादीसाठीचा "कमिटमेंट" हा शब्द काढून तिथे "फोरकास्ट" आणला गेला, आणि 2020 च्या आवृत्तीत कमिटमेंट ही स्प्रिंट गोलशी जोडली आहे. हा फरक छोट्या टीमला फार कामाचा आहे, कारण यादीतलं एखादं काम राहिलं तरी दिलेला शब्द मोडत नाही, जर तो शब्द गोलसाठी दिला असेल तर.

आमचा गोल असा लिहिला: "सप्टेंबरच्या बिलात सेक्रेटरीला थकबाकीवरचं व्याज वेगळं दिसेल आणि थकबाकीदारांची यादी एक्सेलमध्ये काढता येईल." त्याखाली 13 पॉइंट: व्याज 5, यादी 3, पावती 3, मराठी लेबलं 2. पार्किंगचे 2 "झालं तर" या रकान्यात. आणि वेळ कमी पडला तर आधी काय सोडायचं तेही तिथेच लिहिलं: पहिली लेबलं, मग पावती. हे प्लॅनिंगमध्येच ठरलेलं बरं, दुसऱ्या आठवड्यात ताणात असताना ठरवायला गेलं की प्रत्येकाला स्वतःचं काम महत्त्वाचं वाटतं.

प्रॉडक्ट ओनरने विचारलंच, "मागच्या वेळी 20 केलेत, या वेळी 13 का?" आम्ही फळा दाखवला, लीडच्या 16 तासांची ओळ दाखवली, आणि विचारलं की पार्किंग आत हवं असेल तर यादीतलं काय बाहेर काढू. त्याने थोडा विचार केला आणि पार्किंग बाहेरच राहू दे म्हणाला. नुसतं "जमणार नाही" म्हटलं असतं तर घासाघीस झाली असती. तास आणि तारखा समोर असल्या की बोलणं कामाच्या क्रमावर येतं.

मधल्या दिवसांत काय बघायचं

स्टँडअपला आम्ही एकच गोष्ट तपासत होतो, क्यूएकडे काय पोचलं. अर्धा स्प्रिंट होईपर्यंत, म्हणजे 29 तारखेच्या संध्याकाळपर्यंत, तिच्याकडे निदान एक पूर्ण स्टोरी हवी असं ठरवलं होतं. बोर्डवर चार स्टोऱ्या "इन प्रोग्रेस" आणि टेस्टिंगचा रकाना रिकामा असेल तर स्प्रिंट अडकलाय असं समजा, मग प्रत्येक जण कितीही "नव्वद टक्के झालंय" म्हणो.

आमच्याकडे 28 ला थकबाकीदारांची यादी पोचली. 29 ला क्यूएला व्याजात पैशांचा फरक दिसला: दर महिन्याला रुपयात पूर्णांक करून मग बेरीज केली तर वेगळा आकडा, आणि शेवटी एकदाच पूर्णांक केला तर वेगळा. त्यावर उत्तर मिळवून कोड बदलण्यात लीडचे चार तास गेले, दोन शिलकीतले आणि दोन फ्रेशरने सपोर्टमध्ये ठरल्यापेक्षा जास्त वाचवलेले. व्याजाची स्टोरी 3 तारखेला दुपारी चारला टेस्टिंगला गेली आणि 4 ला संध्याकाळी पूर्ण झाली. बाकीच्या तिन्हीही झाल्या. पार्किंगचा कोड कोकणवाल्याने 5 ला लिहून संपवला, पण टेस्ट झाला नव्हता, म्हणून त्याचे शून्य पॉइंट धरले आणि तो पुढच्या स्प्रिंटमध्ये पूर्ण 2 म्हणूनच घेतला. अर्धे पॉइंट मोजायला लागलात की सरासरी खोटी होते आणि पुढचं सगळं गणित त्या खोट्या आकड्यावर उभं राहतं.

शीटमध्ये या स्प्रिंटपुढे 13 लिहिले आणि बाजूच्या रकान्यात "कपॅसिटी 69%, बॅकएंड 45%, क्यूए शेवटच्या दिवशी नाही" अशी नोंद केली. 8 सप्टेंबरचा स्प्रिंट प्लॅन करताना सगळे परत हजर होते, तेव्हा हे 13 सरासरीत तसेच न धरता आधीच्या पाच स्प्रिंटचे 22 घेऊनच सुरुवात केली.